तीनदा तपासलेलं इंग्रजी यंत्राचं का वाटतं?

प्रश्न: मॅडम, माझं दहावीपर्यंतचं शिक्षण दापोलीजवळच्या गावात मराठी माध्यमातून झालं. आता टी.वाय.बी.एस्सी.ला आहे. हर्णै बंदरावरच्या सुक्या मासळीवर प्रकल्प केला, अहवाल इंग्रजीत स्वतः लिहिला, तीनदा तपासला. कॉलेजच्या सॉफ्टवेअरने ७४ टक्के एआय दाखवलं. इंग्लिश मीडियमच्या मैत्रिणीने आदल्या रात्री घाईत लिहिला, तिचं ९ टक्के आलं. मी एआय वापरलेलं नाही. मग असं का, आणि आता मी काय करू?

उत्तर:

तू तीनदा तपासलंस, बऱ्याच अंशी त्यामुळेच हे झालं असावं. चेष्टा करत नाही, खरंच सांगते.

मी याच किनाऱ्यावरच्या एका कॉलेजात बावीस वर्षं इंग्रजी शिकवते. गेल्या तीन वर्षांत अशा ‘एआय निघालेल्या’ अहवालांच्या चौकशीला बसायची वेळ बऱ्याचदा आली. त्यात खरोखर यंत्राकडून लिहून घेतलेले अहवाल होतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मान खाली घालून समोर बसलेली आणि शेवटी निर्दोष निघालेली मुलं एकाच साच्यातली होती: मराठी माध्यमातली, अभ्यासू, इंग्रजीची भीती असलेली आणि म्हणून प्रत्येक वाक्य चारदा घासणारी. निष्काळजी मुलं या जाळ्यात फारशी सापडलीच नाहीत.

आधी हे सॉफ्टवेअर नेमकं काय बघतं ते सांगते. तू खोलीत बसून लिहिलंस की कुणाकडून लिहून घेतलंस, हे त्याला कळण्याचा काही मार्ग नाही. त्याच्या हातात फक्त मजकूर असतो. तो मजकूर शब्दाशब्दाने वाचत ते स्वतःलाच विचारत जातं, ‘आत्तापर्यंतचे शब्द हे असतील, तर पुढचा शब्द मला ओळखता आला असता का?’ बहुतेक शब्द सहज ओळखता आले, तर मजकूर यंत्रासारखा. वारंवार चकायला झालं, तर माणसासारखा. या चकण्याच्या मापाला परप्लेक्सिटी म्हणतात. यामागचा तर्क अगदीच वेडा नाही. एआय स्वतः पुढचा संभाव्य शब्द निवडत निवडतच लिहितं, त्यामुळे त्याचा मजकूर अंदाजात बसणारा असतो. घोटाळा उलट्या बाजूने होतो. यंत्राचा मजकूर अंदाजात बसतो म्हणून अंदाजात बसणारा प्रत्येक मजकूर यंत्राचा, असं धरून चालतात.

तू पाठवलेल्या पानांतलीच दोन वाक्यं घेऊ. प्रस्तावनेतलं पहिलं: ‘फिशिंग प्लेज अ व्हायटल रोल इन द इकॉनॉमी ऑफ द कोस्टल रीजन.’ ‘प्लेज अ व्हायटल’ इथपर्यंत वाचून थांब आणि पुढचा शब्द सांग. तुझी धाकटी बहीणही ‘रोल’ म्हणेल. दुसरं वाक्य चौदाव्या पानावर आहे, सोडे वाळवण्याबद्दल: ‘द सोडे वेअर स्प्रेड ऑन ओल्ड नेट्स बिहाइंड द जेटी.’ इथे ‘ओल्ड’पाशी थांबलं तर पुढे चटया येतील, गोणपाट येईल, साड्या येतील, वर्तमानपत्रं येतील. ‘नेट्स’ येईल हे तिथे उभं राहून पाहिलेल्या माणसालाच माहीत.

एका शब्दाने किती फरक पडतो तो हिशेब करून बघ. आकडे समजण्यापुरते माझे आहेत. चार शब्दांचा एक तुकडा घे, ज्यातला प्रत्येक शब्द यंत्राला दोनात एक इतक्या खात्रीने ओळखता येतो. चारांचा गुणाकार सोळात एक. सोळाचं चौथं मूळ २, म्हणून परप्लेक्सिटी २. म्हणजे जणू प्रत्येक जागी यंत्रापुढे दोनच पर्याय होते. आता तीन शब्द तसेच ठेव आणि चौथा असा घे की जो एकशे अठ्ठावीसात एकदाच येईल. गुणाकार एक हजार चोवीसात एक, आणि चौथं मूळ ५.६ च्या पुढे. एका ‘नेट्स’ने माप जवळजवळ तिप्पट केलं. पूर्ण अहवालात हेच माप शेकडो शब्दांवर पसरतं. तिथे एखादा अनपेक्षित शब्द काही करू शकत नाही, ते अधूनमधून येत राहावे लागतात.

काही सॉफ्टवेअर आणखी एक गोष्ट बघतात: हे माप वाक्यागणिक वरखाली होतं का. माणूस एक वाक्य सपाट लिहितो, दुसऱ्यात उसळी घेतो, मग पुन्हा सपाट. याला बर्स्टीनेस म्हणतात. तुझी वाक्यं मोजून बघितली. प्रस्तावनेतली बहुतेक बारा ते सोळा शब्दांची आहेत, एकही वाकडं गेलेलं नाही. अगं, ती वाकडी जाऊ नयेत म्हणूनच तर आम्ही शाळा-कॉलेजात तुमच्या मागे लागलो होतो.

मराठी माध्यमाचा मुद्दा येतो तो इथे. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे तुझ्या पिढीने बारा-पंधरा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. पण ते बहुतांशी फळ्यावरून आणि गाइडमधून. बाजारात भांडताना, आजीशी बोलताना, चिडताना, कुणाची नक्कल करताना इंग्रजी वापरलेलं नसतं. म्हणून शब्द माहीत असतात, पण एका अर्थाचे चार शब्द जिभेवर खेळत नसतात. ‘इम्पॉर्टंट’ला पर्याय म्हणून ‘व्हायटल’ पाठ केलेला असतो आणि त्याच्यासोबत ‘रोल’ही पाठ असतो. दोघे जोडीनेच येतात. ‘इट इज अ वेल नोन फॅक्ट दॅट’, ‘इन टुडेज वर्ल्ड’, ‘लास्ट बट नॉट द लीस्ट’ ही तयार पिठाची भाकरी आहे. ती फुटत नाही म्हणून मुलं ती थापतात. गुण देणारी मीच होते, तेव्हा तक्रार कुणाकडे करू?

तुझ्या मैत्रिणीचं तसं नाही. ती घाईत लिहिताना मनात येईल ते लिहिते. मध्येच एखादा बोलीतला शब्द, एक लांबलचक वाक्य, मग तीन शब्दांचं वाक्य, एक अर्धवट विनोद. तपासणारी मी असते तर दोन ठिकाणी लाल रेघ मारली असती. सॉफ्टवेअरला मात्र तेच माणसाचं लक्षण वाटतं.

मला हे खरं कळलं ते दोन वर्षांपूर्वी, गुहागरकडच्या एका मुलाच्या वहीमुळे. वडील बोटीवर खलाशी, मुलगा वर्गात मागच्या बाकावरचा पण वही नीटनेटकी. पावसाळ्यातल्या मासळीबाजारावरचा त्याचा अहवाल ८० टक्क्यांच्या वर निघाला होता. समितीतल्या एका सरांचं मत आधीच झालेलं होतं, ‘या मुलाचं इंग्रजी एवढं चांगलं नाही.’ मुलगा काही बोलेना. शेवटी पिशवीतून त्याने शंभर पानी वही काढून टेबलावर ठेवली.

त्यात एक वाक्य चार वेळा लिहिलेलं होतं. पहिल्यांदा: ‘इन रेनी सीझन फिशेस आर कमिंग व्हेरी लेस इन मार्केट.’ ते खोडून: ‘इन रेनी सीझन व्हेरी फ्यू फिश कम्स टु मार्केट.’ समासात पेन्सिलीने ‘कम की कम्स?’ असा प्रश्न, मराठीत. तिसऱ्यांदा: ‘ड्यूरिंग मान्सून, फ्यू फिश कम टु द मार्केट.’ आणि चौथ्यांदा, शब्दकोशातून ‘अव्हेलेबिलिटी’ शोधून: ‘द अव्हेलेबिलिटी ऑफ फिश डिक्रीजेस ड्यूरिंग द मान्सून.’ अहवालात छापलं गेलं ते चौथं. आणि सॉफ्टवेअरने यंत्राचं म्हणून रंगवलेलंही चौथंच.

पहिलं वाक्य पुन्हा वाच. ‘फिशेस आर कमिंग व्हेरी लेस’ या शब्दक्रमाचा अंदाज कोणतंही यंत्र सहसा बांधणार नाही, कारण त्याच्या खाली ‘मासे फार कमी येतायत’ हे मराठी उभं आहे. ते वाक्य चुकीचं होतं, पण त्याचं होतं. पायरी-पायरीने त्याने एक-एक चूक काढली आणि प्रत्येक चुकीबरोबर यंत्राला चकवणारी एक-एक जागाही निघून गेली. शेवटी जे राहिलं ते बिनचूक आणि अरुंद इंग्रजी. अनुभवी इंग्रजी लेखकाचंही इंग्रजी बिनचूक असतं, पण ते रुंद असतं, म्हणून तो सुटतो. कच्चा लिहिणाराही कधीकधी सुटतो, कारण त्याच्या चुका त्याला वाचवतात. मधला अडकतो: चुका काढण्याइतकं शिकलेला, पण मोकळं फिरण्याइतकं न शिकलेला. हे माझं माझ्या टेबलावरून झालेलं मत आहे. व्याकरण दुरुस्त करणारं ॲप वापरलं की हीच घसाई दहा सेकंदांत होते. त्यातून आलेला मजकूर पुष्कळदा यंत्राचाच दिसतो, आणि थोड्या अंशी तो असतोही. ते वापरलं असशील तर समितीला आधीच सांग. लपवू नकोस.

परभाषकांच्या साध्या इंग्रजीवर यंत्राचा शिक्का बसतो, हे मात्र माझ्या एकटीच्या टेबलावरचं निरीक्षण नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘पॅटर्न्स’ या नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध केली. त्यांनी एआयचा मजकूर ओळखणारी सात सॉफ्टवेअर, म्हणजे डिटेक्टर, घेतले आणि त्यांना दोन प्रकारचे माणसांनीच लिहिलेले निबंध दिले: टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१, एका चिनी संकेतस्थळावरून घेतलेले, आणि अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे ८८. अमेरिकी मुलांच्या बाबतीत डिटेक्टर जवळजवळ अचूक होते. टोफेलच्या निबंधांना मात्र सरासरीने ६१ टक्के वेळा यंत्राचं ठरवलं गेलं. ९१ पैकी ८९ निबंध सातांपैकी किमान एका डिटेक्टरच्या तरी जाळ्यात सापडले.

एवढंच असतं तर कुणी म्हणालं असतं की त्या निबंधांतच काहीतरी वेगळं असेल. म्हणून मला त्या चाचणीची दुसरी पायरी जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी टोफेलचे तेच निबंध चॅटजीपीटीला दिले आणि शब्दसंपदा इंग्रजी भाषकासारखी समृद्ध करून घेतली. आता त्यात खरोखर यंत्राचा हात लागला होता, तरी चुकीचा शिक्का बसण्याचं प्रमाण ६१ वरून १२ टक्क्यांच्या आत आलं! उलट अमेरिकी मुलांचे निबंध सोप्या, मर्यादित शब्दांत करून घेतले, तर त्यांच्यावरचे शिक्के ५ टक्क्यांच्या आसपासवरून ५० टक्क्यांच्या वर गेले. निबंध तेच, मुद्दे तेच, फक्त शब्दांची रुंदी बदलली. म्हणजे मोजली जात होती ती रुंदी.

या चाचणीच्या मर्यादाही सांगते, कारण समितीसमोर ती नाचवायला गेलीस तर कुणीतरी विचारेलच. निबंध थोडे होते, लहान होते आणि एकाच भाषेच्या लिहिणाऱ्यांचे होते. डिटेक्टर २०२३ चे होते. त्यानंतर ते बदलले. आताचे बरेच डिटेक्टर नुसती परप्लेक्सिटी मोजत नाहीत, माणसाच्या आणि यंत्राच्या मजकुरांचे ढीग देऊन त्यांना शिकवलेलं असतं. कॉलेजांना असं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या टर्निटिन कंपनीचं म्हणणं असं की पुरेसा लांब मजकूर असेल तर परभाषकांवर असा लक्षणीय अन्याय त्यांच्या डिटेक्टरकडून होत नाही. तेव्हा ‘६१ टक्के वेळा चुकतं’ हे वाक्य तुझ्या कॉलेजच्या सॉफ्टवेअरला जसंच्या तसं लावू नकोस. कोणत्या दिशेने चुकण्याची भीती आहे, एवढंच त्या चाचणीवरून घे. अर्थात शिकवतानाही माणसांच्या ढिगात कोणती माणसं होती हा प्रश्न राहतोच. त्यात कोकणातल्या मराठी माध्यमाच्या मुलांचे अहवाल नसतील, तर तुझ्यासारखं लिहिणारा माणूस असतो हे त्या डिटेक्टरला कोण शिकवणार?

चुकीचं प्रमाण लहान दिसलं तरी ते लहान नसतं, याचं एक उदाहरण सांगते. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिनमधली एआय ओळखण्याची सोय बंद केली. त्यांचा हिशेब साधा होता. २०२२ मध्ये त्यांच्याकडे ७५,००० पेपर टर्निटिनमधून गेले होते. कंपनी स्वतः १ टक्का चूक मान्य करते असं धरलं तरी सुमारे ७५० पेपरांवर खोटा आळ आला असता. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने तर स्वतःचा डिटेक्टर जानेवारी २०२३ मध्ये आणून त्याच जुलैत मागे घेतला, अचूकता कमी म्हणून. त्यांच्याच आकड्यांनुसार तो माणसाचा ९ टक्के मजकूर यंत्राचा ठरवत होता आणि यंत्राचा जेमतेम २६ टक्के पकडत होता.

तुझ्या ७४ टक्क्यांचा अर्थही नीट समजून घे, कारण समितीतही हा गोंधळ असतो. आपल्याकडे युजीसीच्या २०१८ च्या नियमांमुळे ‘दहा टक्क्यांपर्यंत चालतं’ हे सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. तो आकडा साम्याचा आहे, म्हणजे दुसऱ्याच्या लिखाणाशी जुळणाऱ्या मजकुराचा. साम्याच्या अहवालात कुठल्या लेखाशी जुळलं ते दिसतं, दोन्ही शेजारी ठेवून तपासता येतं. एआयच्या टक्केवारीमागे असा मूळ मजकूर नसतोच, तपासायला काही शेजारी ठेवता येत नाही. शिवाय ७४ म्हणजे ‘तू फसवलं असण्याची शक्यता ७४ टक्के’ असाही त्याचा अर्थ नाही. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तो आकडा एवढंच सांगतो की मजकुराचा एवढा भाग त्याला यंत्रासारखा वाटला.

आता काय करायचं ते. पहिली गोष्ट, अहवालाला हात लावू नकोस. आकडा खाली आणायला ‘ह्युमनायझर’ नावाची साधनं मिळतात, मुलं ती एकमेकांना पाठवतात. त्यातून मजकूर फिरवलास तर जे आत्तापर्यंत केलं नाहीस तेच केल्यासारखं होईल, आणि समितीने दोन प्रती ताडून पाहिल्या तर सांगायला तोंड राहणार नाही. वेगवेगळ्या मोफत डिटेक्टरमध्ये तपासून ‘बघा, इथे १२ टक्केच येतं’ असं दाखवणंही टाळ. त्यावरून डिटेक्टर आपसात भांडतात एवढंच सिद्ध होतं, तू लिहिलंस हे नाही.

दुसरी गोष्ट, लिहिण्याच्या खुणा गोळा कर. गूगल डॉक्समध्ये लिहिलं असशील तर लॅपटॉपवर `File > Version history > See version history` मध्ये कोणत्या दिवशी काय लिहिलं आणि काय खोडलं ते दिसतं. पण तुझ्या पत्रावरून दिसतं की तू आधी वहीत लिहिलंस आणि मग मावसभावाच्या लॅपटॉपवर दोन दिवसांत टाइप केलंस. तेव्हा तो इतिहास उलटा अंगावर येऊ शकतो. पानंच्या पानं न अडखळता टाइप झालेली दिसली की बघणाऱ्याला ते उतरवून काढल्यासारखं वाटतं. इतिहास दाखवायचा तर वहीबरोबर दाखव आणि क्रम समजावून सांग. गावात लाइट आणि नेट जातं म्हणून आधी कागदावर लिहिणारी मुलं शेकड्याने आहेत, समितीतल्या निम्म्या लोकांनीही एम.ए.चे पेपर तसेच लिहिलेत. वही सापडत नसेल तर बंदरावरच्या नोंदी, फोनमधले तारखेसकट फोटो, कोळणींना विचारलेल्या भावांचा कागद, गाइडसरांना पाठवलेले मसुदे, जे मिळेल ते.

तिसरी आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे तोंडी परीक्षा स्वतःहून माग. लेखी अर्ज कर, चार ओळींचा: अहवाल मी लिहिला आहे, मला पंधरा मिनिटं द्या, मी त्यावर प्रश्नांची उत्तरं देते, मराठीत किंवा इंग्रजीत. मराठीची परवानगी आग्रहाने माग. गुहागरच्या त्या मुलाला आम्ही पहिली पाच मिनिटं इंग्रजीत विचारलं तेव्हा तो घामाघूम झाला होता आणि सरांचं मत आणखी पक्कं होत होतं. मी म्हटलं, ‘सांग रे मराठीत, ही अव्हेलेबिलिटी कुठून आली?’ त्यावर त्याने बंदीच्या काळात कुठली मासळी खाडीतून येते, कुठली बर्फातली येते आणि भाव कोण ठरवतं हे इतकं सांगितलं की आम्हालाच थांबवावं लागलं. वहीतली ती चार वाक्यं मी सरांपुढे सरकवली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि त्याला दुसऱ्या तक्त्याबद्दल विचारायला लागले. त्याचा अहवाल मान्य झाला.

तुझ्या बाबतीत समितीसमोर चौदावं ते एकविसावं पान उघडून ठेव. तू पाठवलेल्या रिपोर्टमध्ये रंग जवळपास सगळा प्रस्तावना, महत्त्व आणि निष्कर्ष या भागांत आहे. जाळ्यांवर वाळवलेले सोडे, मिठाचं माप डब्याने घेणाऱ्या बायका, दुपारी उलटवायचे बोंबील, हा भाग जवळजवळ कोरा सुटलाय. हा फरक कुणी विचारायच्या आधी तूच दाखव, आणि प्रस्तावना कशी लिहिलीस तेही खरं सांग: कुठल्या गाइडमधली वाक्यरचना पाठ होती, कुठला शब्द शब्दकोशातून घेतला. त्यात लाजण्यासारखं काही नाही. वहीचे फोटो मला आधी पाठवलेस तर कोणती पानं पुढे ठेवायची ते मी बघून देईन. खोडाखोड जास्त असलेली पानं आधी पाठव.